शाळेच्या ऑफिसला मेसेज टाकला, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. काय चुकतंय? (सोलापूर, पाचवी)

तुळजाईची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या लातूरला आहोत. नवऱ्याची बँकेतली बदली सोलापूरला झाली, ते महिनाभर तिथेच खोली घेऊन राहतायत. मी आणि मुलगी मे महिन्यात येऊ. मुलगी मराठी माध्यमात चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. घर जुळे सोलापूर भागात बघतोय आणि त्याच बाजूची एक शाळा डोक्यात आहे. नाव देत नाही, उगाच चर्चा तिकडे जाईल.

शाळेच्या बोर्डावर ऑफिसचा व्हॉट्सॲप नंबर आहे, त्यावर सोमवारी हा मेसेज टाकला :

"नमस्कार सर/मॅडम, मला माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठी आपल्या शाळेला भेट द्यायची आहे. शाळेचा परिसर बघून प्रवेशाबाबत सविस्तर चर्चा करायची आहे. या गुरुवारी किंवा शनिवारी आले तर चालेल का? कृपया कळवावे. धन्यवाद."

वाचलाय, पण उत्तर नाही. आज गुरुवार, म्हणजे एक दिवस तर गेलाच. परत पाठवू की सरळ जाऊन उभी राहू? लातूरहून एसटीने तीन-साडेतीन तास लागतात, त्यामुळे "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकून परत यायची तयारी नाही.

कडकभाकरी
ताई, सोलापुरात यायचं तर आधी पाण्याचा वार विचारायचा, मग शाळेचा. 😀 पाण्याच्या दिवशी कोण कुणाला भेटतंय बे.

विजापूररोडवाला
मेसेज-बिसेज काही लागत नाही. आमच्या दोन्ही पोरांच्या वेळी सकाळी जाऊन गेटवर उभा राहिलो, शिपायाला सांगितलं, अर्ध्या तासात काम झालं. शाळा आहे, मंत्रालय नाही.

सुप्रिया_होटगीरोड
@विजापूररोडवाला तुम्ही गावातच राहता, अर्धा तास वाया गेला तर गेला. त्या तीन तास प्रवास करून येणार आहेत.

ताई, आरटीईचे फॉर्म ऑनलाइनच असतात, शाळेत जाऊन काही होत नाही. पोर्टल सुरू झालं की भरा, लॉटरी लागते.

तुळजाईची_लेक
@सुप्रिया_होटगीरोड आरटीईच्या 25 टक्क्यांतला प्रवेश नकोय हो, साधा प्रवेश हवाय.

सुप्रिया_होटगीरोड
अरे हो, पाचवी लिहिलंय. ते 25 टक्के पहिलीला किंवा त्याच्या आधीच्या वर्गाला असतात. सॉरी.

निवृत्त_लिपिक
मी एका माध्यमिक शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालो. सोलापूर जिल्ह्यातलीच शाळा, तुमची नव्हे. तुमच्या मेसेजचं तिथे काय झालं असेल ते सांगतो.

ऑफिसचा मोबाइल एका लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्यावर दिवसभर गैरहजेरीचे निरोप, रिक्षावाल्यांचे फोटो, फी भरल्याचे स्क्रीनशॉट येत असतात. त्यात तुमचा मेसेज त्याने उघडला. कोणता वर्ग? माहीत नाही. कोणतं वर्ष? आत्ता मध्येच हवाय की जूनला? माहीत नाही. "या गुरुवारी" म्हणजे उद्या-परवाचा की पुढचा? तुम्ही सोमवारी पाठवला, त्याने कदाचित बुधवारी उघडला. आणि "सविस्तर चर्चा" कुणाशी करायची? लिपिक प्रवेशाबद्दल चर्चा करत नाही, तो अर्ज देतो आणि पावती फाडतो. जागा आहे की नाही हे मुख्याध्यापक सांगतात, वर्ग बघायला सोडायचं की नाही हे बऱ्याचदा पर्यवेक्षक ठरवतात. मग त्याने विचार केला की साहेबांना दाखवू, आणि फोन ड्रॉवरमध्ये गेला.

दुसरं एक. "प्रवेशाबाबत चर्चा" हे शब्द आले की ऑफिसला वाटतं की कुणाची तरी चिठ्ठी येणार, नाहीतर देणगीचं बोलायचं असेल. अशा मेसेजला लेखी उत्तर द्यायला कुणी धजावत नाही. काय विचारायचंय ते नेमकं लिहा, उत्तर येईल.

कडकभाकरी
काकांनी ऑफिस उघडं पाडलं 😂

गणितमास्तर
काकांशी सहमत. शिक्षक म्हणून थोडी भर घालतो. ताई, तुम्हाला शाळा बघायची आहे की इमारत? कारण बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. वरचे वर्ग सकाळी, पाचवी-सहावी दुपारी, किंवा उलट. तुम्ही दहा वाजता गेलात आणि पाचवी साडेबाराला भरत असेल, तर तुम्हाला नववी-दहावीची मुलं दिसतील आणि पाचवीचे बाक रिकामे.

शनिवारी तर सगळ्यांचीच सकाळची शाळा. साडेदहा-अकराला सुटते. त्यातही कवायत, परिपाठ लांबलेला असतो, तास नीट होतातच असं नाही. शनिवार मुख्याध्यापकांना निवांत गाठायला बरा, वर्ग बघायला वाईट.

तुळजाईची_लेक
हे मला सुचलंच नव्हतं. शनिवार मी यांना सुट्टी असते म्हणून घातला होता.

अक्कलकोट_एमआयडीसी
ताई, बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. येणारा शनिवार 31 तारखेचा, म्हणजे पाचवा. त्यानंतरचा 7 फेब्रुवारी, तो पहिला. दोन्ही दिवशी बँक चालू.

तुळजाईची_लेक
😳 यांना विचारलं. बरोबर आहे म्हणे. 14 ला सुट्टी आहे, मग 14 ठेवू का?

निवृत्त_लिपिक
14 नको. 10 तारखेला बारावी सुरू होते, त्यानंतर 20 ला दहावी. शाळा केंद्र असेल तर पेपरच्या वेळेत गेटच्या आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आणि मुख्याध्यापक केंद्राच्या कामात असतात. पेपर सुरू झाले की मार्चच्या मध्यापर्यंत तुम्हाला निवांतपणे कुणी भेटणार नाही. दहाच्या आत उरका.

दोन दिवस देताना एक बघावं. एका दिवसाची अडचण दुसऱ्या दिवसालाही लागू होईल, असे दिवस देऊ नयेत. गुरुवार-शुक्रवार असे लागून दिले आणि साहेब दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले, तर दोन्ही बाद. सोमवार शक्यतो टाळा, फी आणि आठवड्याच्या टपालाची गर्दी असते. गुरुवार 5 आणि शनिवार 7 चालतील. एक भर शाळेचा, एक सकाळचा. फक्त तारीख लिहा आणि वेळही लिहा. नुसता वार लिहू नका.

विजापूररोडवाला
एवढा अभ्यास केला तर कलेक्टर होईल माणूस.

स्मिता_मोदी
मोदी म्हणजे आमची गल्ली, आधीच सांगते 😄

मागच्या वर्षी आमच्या भाच्यासाठी धावपळ केली. शाळेत गेलो, परिसर सुंदर, मैदान मोठं, मॅडम गोड बोलल्या. जूनमध्ये कळलं की पाचवीला जागाच नाहीत. भेटीत आम्ही हाच प्रश्न विचारला नव्हता, आम्हाला वाटलं दाखवतायत म्हणजे घेणार. शाळा दाखवणं आणि जागा असणं यांचा संबंध नसतो. संगणक कक्ष दाखवतील, त्याआधी जागांचं विचारा.

निवृत्त_लिपिक
@स्मिता_मोदी हाच मुद्दा मला लिहायचा होता. आपल्याकडे बऱ्याच संस्थांची प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि माध्यमिक पाचवीपासून. त्यामुळे पाचवी हा प्रवेशाचा मोठा वर्ग दिसतो, पण आधी त्याच संस्थेच्या प्राथमिकची मुलं वर येतात. त्यांच्यातून जे सोडून जातात, तेवढ्याच जागा बाहेरच्यांना. म्हणून "पाचवीत प्रवेश आहे का" असं विचारलं तर "हो, आहे" असंच उत्तर येतं. विचारायचं असं की तुमच्या प्राथमिकची मुलं धरून बाहेरच्या मुलांसाठी साधारण किती जागा उरतात आणि ते कधी कळतं. बहुतेक ठिकाणी निकालानंतर, म्हणजे एप्रिलच्या शेवटी-मे मध्ये कळतं.

दुसरा प्रश्न सेमीचा. तुम्ही सेमी इंग्रजी बघताय का?

तुळजाईची_लेक
हो काका, सेमीच. गणित-विज्ञान इंग्रजीतून.

निवृत्त_लिपिक
मग तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे नक्की विचारा. एकाच शाळेत, एकाच इमारतीत, अ तुकडी अनुदानित आणि क तुकडी विनाअनुदानित असू शकते. अनुदानित तुकडीत आठवीपर्यंत शिकवणी फी नसते, विनाअनुदानितला असते. सेमीची तुकडी कुठे या गटात असते, कुठे त्या. पालकांना हे पहिल्या पावतीच्या वेळी कळतं आणि मग भांडणं होतात.

हुरडाप्रेमी
फी काय, शाळा म्हणेल तीच. आपल्या हातात काय असतं?

अक्कलकोट_एमआयडीसी
@हुरडाप्रेमी तसं नाही. महाराष्ट्रात 2011 चा फी नियमनाचा कायदा आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर करून घ्यावी लागते आणि एकदा ठरली की दोन वर्षं बदलता येत नाही. मंजूर फीचा तक्ता बघायला मागा. आमच्याकडे तो ऑफिसबाहेर काचेच्या फलकात लावलेला असतो, वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

हुरडाप्रेमी
कागदावर असतं हो सगळं. आमच्या समितीत कोण आहे ते आम्हालाच माहीत नाही.

अक्कलकोट_एमआयडीसी
तेही खरंच आहे म्हणा.

तुळजाईची_लेक
सगळ्यांचं वाचून नवीन मसुदा केलाय. बघा :

"विषय : इयत्ता पाचवी, जून 2026 प्रवेश. शाळा पाहण्यासाठी वेळ मिळण्याबाबत.

नमस्कार. माझी मुलगी सध्या लातूर येथे मराठी माध्यमात चौथीत शिकत आहे. मे महिन्यात आम्ही जुळे सोलापूर भागात राहायला येत आहोत. तिला पाचवीला सेमी इंग्रजी तुकडीत घालण्याचा विचार आहे. त्याआधी पाचवीचे वर्ग चालू असताना शाळा पाहावी, तसेच बाहेरच्या मुलांसाठी किती जागा असतात, सेमीची तुकडी अनुदानित आहे का आणि अर्ज कधी मिळतात हे मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकांना भेटून विचारावे, अशी इच्छा आहे. पंधरा-वीस मिनिटे पुरतील.

गुरुवार, 5 फेब्रुवारी, दुपारी 12.30 ते 3 (आम्ही दोघे येऊ) किंवा शनिवार, 7 फेब्रुवारी, सकाळी 9.30 ते 10.30 (मी एकटी येईन). गुरुवार अधिक सोयीचा. लातूरहून यायचे असल्याने मंगळवार, 3 फेब्रुवारीपर्यंत कळवल्यास बरे होईल. दोन्ही दिवस अडचणीचे असल्यास 10 तारखेच्या आत आपण सांगाल त्या दिवशी येऊ."

खाली नाव आणि मोबाइल नंबर.

गणितमास्तर
उत्तम. "पाचवीचे वर्ग चालू असताना" हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. पाचवी सकाळच्या सत्रात असली तर ते स्वतःच वेळ बदलून सांगतील.

विजापूररोडवाला
लांब झालाय. एवढं कोण वाचतंय?

निवृत्त_लिपिक
@विजापूररोडवाला लांबीचा प्रश्न नाही. विषयाच्या ओळीत वर्ग आणि वर्ष आलं, की लिपिकाला फोन उचलून साहेबांकडे न्यायला निमित्त मिळतं. बाकीचं साहेब वाचतील. त्यांना फक्त "गुरुवारी 1 वाजता या" एवढंच टाइप करायचंय.

एकच सुधारणा. हाच मजकूर शाळेच्या ई-मेलवरही टाका. मेलची प्रिंट काढून आवक रजिस्टरला नोंद होते, व्हॉट्सॲपची होत नाही. आणि सोमवारी साडेअकराच्या सुमारास फोन करा. शाळा भरताना करू नका, मधल्या सुट्टीत करू नका. "मेसेज मिळाला का" असं विचारू नका. "पाचवीच्या प्रवेशाचा मेल पाठवलाय, गुरुवार-शनिवार पैकी कोणता दिवस" असं विचारा.

सुप्रिया_होटगीरोड
शनिवारी 9.30 ला पोचायचं म्हणजे लातूरहून साडेपाच-सहाची एसटी. मुलीला कुणाकडे ठेवणार? गुरुवारच मिळो तुम्हाला.

कडकभाकरी
तुळजापूरला उतरून देवीला सांगून या, गुरुवारच मिळतंय की.

स्मिता_मोदी
भेटीत काय बघायचं यावर कुणी बोललंच नाही. मी माझं सांगते. मुलींचं स्वच्छतागृह विचारून बघून यायचं, दारातून नाही, आत जाऊन. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. शाळेची टाकी केवढी आहे आणि पाणी नसलेल्या दिवशी काय करतात, हे शिपायाला विचारा. शिपाई खरं सांगतो. एका शाळेत मला मावशींनी सांगितलं होतं, "मुली दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत हो." मला तेवढं पुरलं.

गणितमास्तर
मी पाचवीच्या सेमीच्या वर्गातली कुठलीही एक गणिताची वही मागून बघायला सांगेन. उदाहरणं इंग्रजीतून आहेत की फक्त मथळा इंग्रजी आणि खाली सगळं मराठी, तारखा सलग आहेत का, तपासलेलं आहे का. दोन पानांत कळतं. काही शाळा नाही म्हणतील, तो त्यांचा हक्क आहे.

तुळजाईची_लेक
उत्तर आलं!! फोन करायच्या आधीच, आज सकाळी मेलवर. "शनिवार दि. 7 रोजी बोर्ड परीक्षेच्या बैठक व्यवस्थेचे काम असल्याने भेट शक्य नाही. गुरुवार दि. 5 रोजी दुपारी 1 वाजता पर्यवेक्षकांना भेटावे. येताना पाल्यास सोबत आणावे."

शेवटच्या वाक्याने पोटात गोळा आला. परीक्षा घेणार का तिची?

अक्कलकोट_एमआयडीसी
नेऊ नका. प्रवेशासाठी मुलांची निवड चाचणी घेणं आरटीई कायद्याच्या कलम 13 ने बंद केलंय. पहिल्यांदा केलं तर 25 हजारांपर्यंत दंड आहे, नंतर प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. पाचवी कायद्यात बसते, पहिली ते आठवी सगळीच बसते. शाळेला नाहीच म्हणता येत नाही तुम्हाला.

निवृत्त_लिपिक
अर्धं बरोबर. चाचणी घेऊन त्या निकालावर प्रवेश नाकारता येत नाही, हे खरं. पण जागा भरल्या असतील तर शाळा नाही म्हणू शकते. "नाहीच म्हणता येत नाही" हे घेऊन तिथे भांडायला जाऊ नका.

आणि मुलीला आणा म्हटलं म्हणजे चाचणीच, असंही नाही. कधी कधी मुलीला शाळा दाखवावी एवढाच हेतू असतो.

सुप्रिया_होटगीरोड
काका, तुम्ही शाळेची बाजू घेताय. आमच्या भाचीला "बाळा, हे वाच बरं" म्हणून इंग्रजीचं पुस्तक हातात दिलं होतं. त्याला चाचणी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

गणितमास्तर
वर्गात घेतल्यावर पातळी बघावीच लागते, नाहीतर मराठी माध्यमातून आलेलं मूल सेमीत पहिले दोन महिने चाचपडतं. पण ते प्रवेशानंतर. आधी करू नये, या मताचा मी आहे. आमच्या स्टाफरूममध्येही यावर एकमत नाही.

स्मिता_मोदी
मी तर म्हणते न्या मुलीला. शाळेत तिला जायचंय. तिला आवडली नाही तर?

तुळजाईची_लेक
यांचं म्हणणं नको, माझं मन दोन्हीकडे. गुरुवारी तिची शाळा आहे आणि त्या दिवशी चाचणी परीक्षेचा पेपरही आहे. तसंच कळवलं : "गुरुवारी तिची चाचणी असल्याने या वेळी आम्ही दोघेच येतो, मे महिन्यात राहायला आल्यावर तिला घेऊन येऊ." त्यावर "ठीक आहे" आलंय.

काका, अजून एक. सोबत काय कागद नेऊ? इथल्या शाळेतून दाखला आत्ताच काढून ठेवू का?

निवृत्त_लिपिक
दाखला अजिबात काढू नका. शाळा सोडल्याचा दाखला निघाला की इथल्या पटावरून नाव कमी होतं आणि ऑनलाइन नोंदीतही ती शाळा सोडलेली दिसते. तिकडे जागा निघाली नाही तर मूल ना इकडचं ना तिकडचं. सोलापूरची शाळा प्रवेश देते असं लेखी म्हणाली की मगच अर्ज करा. अनुदानित शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, त्यामुळे घाई नाही.

गुरुवारी फक्त जन्मदाखला, आधार आणि तिसरी-चौथीच्या प्रगतीपुस्तकांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद दाखवा, देऊ नका. मात्र लातूरच्या शाळेत एक काम आत्ताच करा. जनरल रजिस्टरला मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात कशी लिहिली आहे ते डोळ्यांनी बघून या. दाखल्यावर तेच उतरतं. चूक असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणावी लागते, आणि ती मुलगी तिथे शिकत असताना आणणं सोपं जातं.

तुळजाईची_लेक
उद्याच जाते. माझ्या नावात 'ळ' चा 'ल' केलेला असतो सगळीकडे.

विजापूररोडवाला
ताई, गुरुवारी एसटी स्टँडवर उतरलात की जुळे सोलापूरला रिक्षा ठरवूनच बसा, आधी भाडं विचारा. आणि एक वाजता म्हणजे पाऊण वाजता गेटवर. ते मात्र माझं ऐका.